मंजुरी कोणाची

परळच्या आमच्या चाळीत कालिंदी तावडे हिच्या तोंडाला लागायला भलेभले बिचकत. गिरणीत वाइंडिंग खात्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरातलं कुजबुजणंही तिसऱ्या माळ्यावर ऐकू जायचं. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर असं वळणदार की चाळीतल्या निम्म्या लग्नांच्या याद्या तिच्या हातच्या. आणि खोडी काढल्याशिवाय तिला जेवण पचत नसे.

चाळीच्या समितीची चिटणीस ती भांडूनच झाली. आधीचा चिटणीस सभेत काहीही बोलणं झालं तरी खाली एकच ओळ लिही, 'सर्वानुमते ठरले.' गणपतीत बासष्ट रुपये 'किरकोळ'मध्ये गेले, तेव्हा ते कोणी मंजूर केले हे कुणालाच आठवेना. कालिंदीने तिथेच पदर खोचला. म्हणाली, यापुढे तक्ता होईल. बाब, रक्कम आणि मंजुरी कोणाची. ज्याने आकडा धरून 'मंजूर' म्हटलं त्याचंच नाव. मी माझ्या मनाचं एक अक्षर घालणार नाही.

साठ सालच्या एप्रिलात हीच गोष्ट तिच्या अंगाशी आली.

एक मेला महाराष्ट्र राज्य होणार म्हणून चाळीत सोहळा ठरत होता. वर्गणी जमली होती एकशे एक्कावन्न. कालिंदीच्या मनात त्यातलं एकच होतं, कौसल्याबाईचा मान. कौसल्याबाईचा मुलगा वसंत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, छप्पनच्या गोळीबारात गेला होता. त्यानंतर ती माउली गॅलरीच्या टोकाला बसून तांदूळ निवडायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिची ओटी भरल्याशिवाय कसला आलाय सोहळा, असं कालिंदीला मनापासून वाटे.

सभा गॅलरीतच भरली. अध्यक्ष शामराव, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे मुकादम, बसल्या बसल्या म्हणाले, "पहिला मान कौसल्याबाईचा." सगळे म्हणाले, हो, हो, ते तर आधी. कालिंदीने पहिली ओळ आखली, बाब लिहिली आणि पेन्सिल धरून वाट बघत बसली. पण बोलणं कधीच लाउडस्पीकरवर घसरलं होतं.

राजाराम किराणावाला म्हणाला तीस, मग म्हणाला माणसासकट पन्नास, शेवटी घासाघीस होऊन चाळीस, मंजूर. कालिंदीने तीस आणि पन्नास ऐकून सोडून दिले, चाळीस लिहिले. जयवंत रोषणाई-पताकांचे "चाळीस-पन्नास" म्हणाला.

"चाळीस की पन्नास? रकान्यात दोन्ही मावत नाहीत, भावोजी."

"पंचेचाळीस, वयनी. मंजूर."

शामरावांनी दहा शेर पेढे नुसते हवेत सोडले, तेव्हा तिने भाव विचारला. साडेचार रुपये शेर, म्हणजे पंचेचाळीस, तेही मंजूर. शेवटी अध्यक्षांना शाल आणि हार हवा अशी सूचना आली, एकवीस रुपये. या सूचनेला "मंजूर" कोण म्हणालं? तर खुद्द शामराव, आणि तेही जरा घाईने.

बेरीज केली. एकशे एक्कावन्न. पै शिल्लक नाही आणि पहिली ओळ कोरी.

पेढ्यांतले अकरा रुपये कापून तिथे घालणं आणि पुढे अध्यक्षांचं नाव लिहून टाकणं सोपं होतं. जुन्या चिटणीसाने हसत हसत घातलं असतं. कालिंदीची पेन्सिल कागदापर्यंत गेलीसुद्धा. मग स्वतःचीच ती अट आठवली आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने तक्ता उचलला आणि वाइंडिंग खात्याच्या आवाजात वाचायला घेतला.

"कौसल्याबाईंचा मान. रक्कम, कोणी बोललं नाही. मंजुरी, कोणाचीच नाही."

सगळ्यांच्या माना गॅलरीच्या टोकाकडे वळल्या.

"अगं, घाल की काहीतरी," शामराव पुटपुटले.

"घालते. नाव कोणाचं लिहू?"

"सगळ्यांचं लिही."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

कोणी धोतराचा सोगा बघू लागलं, कोणी छताचे वासे. टोकाला कौसल्याबाईचा हात सुपात थांबला. "माझां नाव काढ गो," ती हळूच म्हणाली. "कोरी ओळ बरी दिसणा नाय."

कालिंदीने ती ओळ तशीच ठेवली. तिने पुढे वाचलं. लाउडस्पीकर, रोषणाई, पेढे. मग मुद्दाम सावकाश, "शाल आणि हार. रुपये एकवीस. कोणाला, शामरावांना. मंजुरी कोणाची, शामरावांची."

आधी जयवंत फिसकन हसला, मग सगळी गॅलरी. शामराव कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. पण माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"रक्कम तीच ठेव," ते म्हणाले. "माझं नावही ठेव. बाब तेवढी बदल."

कालिंदीने शेवटच्या ओळीच्या बाबीतलं शामरावांचं नाव खोडलं आणि तिथे कौसल्याबाईंचं नाव लिहिलं. वरची कोरी ओळ काट मारून रद्द केली. बेरजेला हात लावावा लागला नाही.

"शाल आणि हार," तिने शामरावांना ऐकवत वाचलं, "कौसल्याबाईंना."

"मे म्हयन्यात शाल कित्याक गो?" टोकावरून आवाज आला. चार वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. "लुगडां घेवा. हिरवां."

"मंजूर," शामराव म्हणाले.