कान पाण्यात

पाण्यात उतरली की अंबिकाचा आवाज दुप्पट होतो, हे शांती नगरच्या त्या क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी अकराच्या लेडीज बॅचला तिने असा काही सूर लावला, की गेटवरचा वॉचमन काय झालं बघायला आत यायला निघाला आणि आत बायका पोहताहेत हे आठवून अर्ध्यातून परत फिरला.

"कान पाण्यात, संपदा. डावा कान पाण्यात. डोकं वर काढून तुला काय बघायचंय, सांग ना मला. टीव्ही लावलाय का समोर?"

संपदा साडेतीन फूट पाण्यात उभी राहून खोकत होती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, टोपी कपाळावरून सरकलेली. विम्याच्या ऑफिसात पंचवीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासून तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि परळचं घर सोडून मीरा रोडला आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर पोहायला नाव घातलं. आता तिला त्या निर्णयाचा पश्चात्ताप होत होता, आणि तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"ताई, मी कान ठेवते हो. श्वास घ्यायची वेळ आली की आपोआप वर येतं."

"आपोआप काही येत नसतं. परत."

हे 'परत' अंबिकाच्या तोंडून दिवसातून शंभर वेळा तरी निघायचं. बॅचला तीन महिने झाले होते. सहा बायका, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, आणि पहिल्या दिवशी एकीनेही कधी पाण्यात तोंड बुडवलेलं नव्हतं. अंबिकाने त्यांना घाई केली नाही, हे तिच्या शत्रूनेही कबूल करावं. पहिला आठवडा नुसते बुडबुडे. भिंतीचा दांडा धरून वाकायचं, तोंड पाण्यात घालायचं, नाकातोंडातून हवा सोडायची. मग तरंगणं: हात लांब, नजर तळाकडे, पोट सैल. मग तरंगताना उभं कसं राहायचं ते, कारण उभं राहता येतं हे एकदा अंगात मुरलं की निम्मी भीती जाते. गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, मगच मान उचलायची. मग भिंतीला पाय लावून सरकणं. मग पाय मारणं, तेही मांडीपासून, घोटे सैल सोडून, सायकल चालवल्यासारखे गुडघे वाकवून नाही. फळी हातात धरून पाय मारत साऱ्याजणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला लागल्या, तेव्हा अंबिकाला वाटलं होतं, झालं, आता दोन आठवड्यांत फ्रीस्टाइल.

आणि गाडी तिथेच रुतली. तोंड पाण्यात असेपर्यंत सहाहीजणी लाकडासारख्या सरळ. हात मारायच्या, पाय मारायच्या, सगळं व्यवस्थित. श्वासाची वेळ आली की मान पुढून वर. मान वर गेली की कंबर खाली, कंबर खाली गेली की पाय खाली, आणि बाई उभी. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा. अंबिकाचं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्यात सेक्रेटरींचा निरोप आला. अकराचा तास जितेशला हवा होता, त्याच्या स्पर्धेच्या मुलांसाठी. जितेश क्लबातला तरुण कोच, मुलगा वाईट नव्हता, पण त्याची मुलं मेडल आणत होती आणि अंबिकाच्या बायका बुडबुडे काढत होत्या. सेक्रेटरी म्हणाले, रविवारी बघू. उथळ बाजूने पूलची रुंदी, दहा मीटर, मध्ये पाय न टेकता, बाजूला श्वास घेत. सहापैकी चारजणी गेल्या तर तास तुमचा. नाही तर तुम्ही सकाळी साडेसहाला लहान मुलांना फक्त सांभाळायला उभ्या राहा.

सांभाळायला उभं राहायचं. अंबिकाला तो शब्द जिव्हारी लागला. गावी, मुर्ध्याच्या खाडीत ती सहाव्या वर्षी पोहायला लागली होती. बापाने होडीतून सोडलं आणि सांगितलं, "मान वर ठेव, माझ्याकडं बघ. होडी दिसली पायजे." झालं शिक्षण. लग्न झालं, नवऱ्याने मासेमारी सोडून रिक्षा घेतली, आणि अंबिकाने पस्तिसाव्या वर्षी लाइफगार्डची परीक्षा दिली, मग कोचचा कोर्स केला. परीक्षकाने घड्याळ बघितलं आणि तोंडात बोट घातलं. आज बावन्नाव्या वर्षीही तिचे पाय इंजिनासारखे चालतात. पण बायकांना शिकवायचा हा एक तास तिने स्वतः मागून घेतलेला होता. तो गेला असता, तर बाकी सगळी नुसती नोकरीच उरली असती.

म्हणून ती ओरडत होती. आणि ओरडून भागत नाही म्हणून दर दहा मिनिटांनी स्वतः करून दाखवत होती.

"सगळ्यांनी बघा. हात असा मागे जातो, त्याच्याबरोबर तोंड वळतं. बघितलंत?"

सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी तसंच केलं. सगळ्या बुडाल्या.

गुरुवारी संपदा भिंतीला टेकून उभी राहिली, पोहायच्या चष्म्याच्या काचा पुसल्या आणि म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"तुम्ही आधी समोर बघता. हे बघा, अशी मान किंचित पुढे उचलता, मग बाजूला वळवता. दर वेळी."

बाजूची रसिका पाण्याखाली जाऊन बुडबुडे काढायला लागली, कधी नव्हे ते मनापासून.

"पंचेचाळीस वर्षं पोहतेय मी," अंबिका म्हणाली. "तुला शिकायला यायचंय की मला शिकवायला?"

"मला दिसलं ते सांगितलं," संपदा म्हणाली. फॉर्मवर सही राहिलीय हे सांगताना ती अशीच बोलत असणार. त्यात ना भीती होती ना आगाऊपणा, आणि त्याचाच अंबिकाला जास्त राग आला. उरलेला वेळ तिने सगळ्यांना फळ्या देऊन नुसते पाय मारायला लावले.

बॅच सुटल्यावर मात्र ती घरी गेली नाही. जितेश ऑफिसात डबा खात होता, त्याला उठवून तिने काठावर उभं केलं. ज्याला आपला तास हवाय त्यालाच आपली चूक दाखवायला सांगायची, यासारखी नामुष्की नाही. पण दुसरं कोण होतं?

"माझी मान बघ. खरं सांग."

ती एक रुंदी जाऊन आली. जितेशने डब्याचं झाकण लावलं.

"ताई, आप पहले आगे देखते हो. एक सेकंद. मग बाजूला."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हां. मला वाटलं, तुम्ही ओपन वॉटरच्या, समुद्रात असंच बघावं लागतं ना. चूक नाही ते."

"चूक न्हाय, मग बोल्लास का न्हाय?"

"तुम्हाला कोण बोलणार, ताई?"

अंबिका दांडा धरून पाण्यात उभीच राहिली. समुद्रात ते बरोबरच आहे. होडी कुठे, काठ कुठे, बघावंच लागतं. आणि तिच्या पायांत एवढा जोर, की मान उचलली तरी कंबर हलत नाही. पण ज्यांच्या पायांत तीन महिन्यांचा जोर, त्या मान उचलली की खाली जाणारच. म्हणजे तीन महिने ती तोंडाने एक सांगत होती आणि अंगाने दुसरं शिकवत होती, आणि बायका बिचाऱ्या डोळ्यांनी शिकत होत्या. ती ज्यांना मठ्ठ म्हणत होती, त्यांनी तिची हुबेहूब नक्कल केली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "आजपासून माझ्याकडे बघायचं नाही. मी काही दाखवणार नाही."

हात मारणं बंद केलं. सगळ्यांना पुन्हा भिंतीशी आणलं. डावा हात लांब करून दांड्यावर, डावा कान दंडावर टेकलेला, उजवा हात मांडीला, अंग कुशीवर, पाय चालू. तोंड खाली, हवा सोडा, सगळी सोडा. मग कुशीवर वळताना अंगाबरोबर डोकं वळू द्या, चष्म्याची एक काच पाण्यात, एक बाहेर. तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास. परत तोंड खाली. ती एकेकीच्या डोक्याखाली तळहात धरून उभी राहिली. हातावरचं डोकं हलकं झालं, की बाई मान उचलतेय. जड राहिलं, की तिने मान सैल सोडलीय. दोन दिवस तिने आवाज चढवला नाही, आणि त्याचा तिला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास झाला.

संपदाचं डोकं शनिवारी संपायच्या वेळेला जड झालं. तेही एकदाच.

रविवारी सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले. रसिका गेली, तोंड लाल करून, पण गेली. पुढच्या दोघी गेल्या. चौथी मध्यावर उभी राहिली. पाचवीने पाच मीटरवर जी मान उचलली, ती थेट सेक्रेटरींकडे बघतच उभी राहिली. तीन झाल्या होत्या, चार हव्या होत्या, आणि उरली होती संपदा.

अंबिकाला 'कान' असं ओरडावंसं वाटत होतं. तिने दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवला.

संपदा सरकली. पहिला श्वास ठीक. दुसऱ्याला थोडं पाणी तोंडात गेलं, पण ते तिने खाली सोडलं आणि उभी राहिली नाही. मग एक हात, दुसरा हात, अंग वळलं, एक काच पाण्यात, एक बाहेर. दिसायला काही सुंदर वगैरे नव्हतं. पण कान पाण्यात होता, आणि तिचा हात भिंतीला लागला.

सेक्रेटरी कागदावर काही लिहून खुर्ची घेऊन निघून गेले. तास राहिला. बायका टाळ्या वाजवत होत्या. अंबिकाने दांडा सोडला आणि फक्त मान डोलावली.

संपदाने चष्मा वर केला. "ताई, आता तुम्ही."

"मी काय?"

"तुम्ही जा ना. कान पाण्यात ठेवून."

सहाजणी भिंतीला रांगेत उभ्या राहिल्या. अंबिका सरकली. पहिला श्वास बाजूला, बरोबर. दुसराही बरोबर. तिसऱ्याला, तिच्या मनात काहीही नसताना, मान समोर उठली आणि तिने पाहिलं. समोर निळ्या फरशीची भिंत होती. होडी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, बाप जाऊनही वीस वर्षं झालेली, आणि ती अजून बघत होती.

ती पलीकडे पोचून उभी राहिली.

"वर बघितलंत," संपदा म्हणाली.

"माहितीये मला."

कोणी हसलं नाही. संपदा पाण्यातून चालत तिच्यापाशी गेली आणि पोहताना तिचं डोकं येईल तिथे, पाण्याच्या जरा खाली, तळहात धरून उभी राहिली.

"परत," ती म्हणाली.