सरांची पंधरा मिनिटं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर ज्या ताई बसायच्या, त्यांनी मला मदत केली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, हिनं स्वतःच्या हुशारीनं केलं.

माझी शाळा सातवीला सुटली. माहेर समुद्राकाठी, हायस्कूल खाडीपलीकडे, आणि मुलीला रोज तरीच्या होडीत कोण बसवणार? लग्न होऊन राज्याच्या या टोकाला, बुलढाण्याजवळच्या धाड गावी आले. सासरी भाजीचा मळा. मुलं शाळेत जायला लागली तशी मीही पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आणि बुलढाण्याच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठी मी. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. ईमेल नवी नवी होती तेव्हा. सगळ्या कॉलेजात इंटरनेटचा संगणक एकच, ग्रंथालयातला.

दुसऱ्या वर्षी एका पेपरऐवजी लघुप्रबंध लिहिता यायचा. मला तो लिहायचाच होता. पण विषयाच्या फॉर्मवर मार्गदर्शकाची सही हवी, आणि फॉर्म महिनाअखेरीला ऑफिसात हवा. नाहीतर मुकाट्यानं पेपर द्यायचा. मार्गदर्शक सर बाहेरगावाहून गुरुवारी नि शुक्रवारी यायचे. तास संपला की त्यांच्याभोवती घोळका. मी घोळक्याच्या मागे उभी राहायची आणि गाडीची वेळ झाली की निघायची. दोन आठवडे असेच गेले. मग सरांनीच वर्गात सांगितलं, "विषयावर बोलायचंय त्यांनी आधी ईमेल करा. मी वेळ देईन."

मी घरी बसून कागदावर ईमेल लिहिली. चार पानं. 'परमपूज्य गुरुवर्यांच्या चरणी' अशी सुरुवात, मग खाडी, सातवी, लग्न, सासूबाईंचा आधार, स्त्रियांच्या प्रश्नांविषयी मला वाटणारी कळकळ, आणि शेवटी 'आपल्या सवडीने केव्हाही, कुठेही दर्शन द्यावे'. मला ती फार नम्र वाटली होती.

ग्रंथालयात ताईंनी ती पानं उभ्याउभ्याच वाचली.

"काऊन वं बाई, हे ईमेल हाय का लगनाची पत्रिका? खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राह्यलं."

मी कानकोंडी झाले. त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं.

"हे वाचून सरायनं काय करावं, असं तुमचं म्हननं हाय?"

"भेट द्यावी."

"कधी? कायच्यासाठी? किती वेळ?"

"मोठ्या माणसाला वेळ आपण कशी सांगायची, ताई? सासऱ्यांना मी कधी म्हटलं नाही, अमुक वाजता बोलू."

"सासरे घरात असतात. सर दोन दिवस असतात." मग आवाज जरा मऊ करून म्हणाल्या, "तुम्ही 'केव्हाही' म्हनता, तुमाले वाटते मान देला. तो मान नोहे, ते त्यायच्या डोक्यावर काम ठेवलं. आता त्यायनं वही उघडाची, तुमची गाडी कवा असते ते इचाराचं, तुमी परत लिवाचं. आपली सवड सांगाची. हो म्हनाचं का नायी, ते त्यायचं."

आजवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नम्रपणाचं ओझं समोरच्याला उचलावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता विषय सांगा. एका दमात."

"ग्रामीण स्त्रियांचे प्रश्न."

"कोनत्या स्त्रिया? कोनते प्रश्न? मी बी ग्रामीणच हावो."

मग हळूहळू निघालं. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका बसायची जागा कशी ठरवतात. कुणी आखून दिलेलं नाही, तरी कोण कुठं बसणार हे प्रत्येकीला ठाऊक असतं. एखादी आजारी पडली तर तिच्या जागेवर कोण बसेल, हेही.

"तुमाले कसं ठाऊक एवढं?"

चार पानांत सगळं लिहिलं होतं, एवढं एक सोडून. वर्गातल्या मुलींना नवरा शेतकरी आहे एवढंच माहीत होतं.

"मी बसते तिथं," म्हटलं. "मेथी, वांगी, मिरच्या."

ताईंनी माझी चार पानं बाजूला सारली. "आन हेच लपवून राह्यल्या होत्या का? सरायले सगळ्यात कामाचं हेच हाय."

मराठी अक्षरं पलीकडच्या संगणकावर नुसते चौकोन होऊन पोचायची, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत बडवावा लागे. मी एका बोटानं बडवला. एका बोटानं लिहिणाऱ्याला प्रत्येक खोडलेला शब्द उपकारासारखा वाटतो. विषयाच्या जागी लिहिलं, 'लघुप्रबंधाच्या विषयाबद्दल पंधरा मिनिटांची भेट, एम.ए. दुसरं वर्ष'. आणि खाली:

'आदरणीय सर, नमस्कार. मी आपल्या एम.ए. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आहे. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका बसायची जागा कशी ठरवतात, यावर मला लघुप्रबंध लिहायचा आहे. माझे दोन प्रश्न आहेत. एकाच बाजारावर विषय उभा राहील का? आणि मी स्वतः त्या बाजारात भाजी विकते, ते चालेल का? यासाठी आपली पंधरा मिनिटं हवी आहेत. येत्या गुरुवारी किंवा शुक्रवारी आपल्या तासांनंतर चारपर्यंत मी कॉलेजात आहे. जमत नसल्यास आपण सांगाल त्या दिवशी येईन. फॉर्म महिनाअखेर द्यायचा आहे. एका पानाचं टिपण सोबत आणते. आपली विद्यार्थिनी.' त्याखाली नाव आणि शेजाऱ्यांचा फोन.

बटण ताईंनी नाही दाबलं. मला दाबायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर नव्हतं. मला वाटलं, फार तुटक झालं असेल. वेळ सांगितली म्हणून राग आला असेल. माफीची एक पाठवू का, असं विचारलं.

"बसा चुपचाप. मानसाले जेवू खाऊ द्याल का नायी? चार दिवस झाल्याबिगर दुसरं पाठवाचं नायी."

तिसऱ्या दिवशी मी दारातून आत येते न येते तोच ताईंनी टेबलामागूनच हात हलवला. उत्तर दोन ओळींचं होतं: 'शुक्रवारी साडेतीन, विभागात. आपण आणि शेजारच्या बायका कुठे बसता, त्याचा कच्चा नकाशा काढून आणा.'

शुक्रवारी सरांनी आधी नकाशाच मागितला. बोटानं एकेक जागा विचारली. मग म्हणाले, "बाजार एकच पुरे. फक्त भाजीवाल्याच घ्या, सगळा बाजार नको. आणि तुम्ही तिथं बसता ही अडचण नाही, पण ती झाकायची नाही. पहिल्याच प्रकरणात लिहा. तुम्हाला काय दिसतं आणि सवयीमुळे काय दिसत नाही, दोन्ही." फॉर्मवर सही केली. घड्याळात पंधरा मिनिटंही झाली नव्हती. उठताना म्हणाले, "ईमेल चांगली होती. मला परत काही विचारावं लागलं नाही."

मी तशीच ग्रंथालयात गेले. सही दाखवली, सरांचं वाक्यही सांगितलं. ताईंनी फॉर्म नीट वाचला, तारीख पडली आहे ना ते बघितलं आणि मला आधी ऑफिसात पिटाळलं. पोच घेऊन आले तेव्हा त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या.

"मले बी एक अर्ज लिवाचा हाय," मान वर न करता म्हणाल्या. "ग्रंथालयशास्त्राच्या डिग्रीसाठी. तीन साल झाले, लिवते न फाडते. दुसऱ्याचं कापता येते वं, सोताचं नायी."

ताई, तो अर्ज ज्या दिवशी लिहायला घ्याल, त्या दिवशी मला कळवा. पहिली गाडी धरून येईन, शेजारी खुर्ची ओढून बसेन, आणि तो फाडू देणार नाही.