भांडणारे रिपोर्ट

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. एका बाईच्या रक्ताच्या काचेवर मी एक पाहिलं आणि कागदावर दुसरंच लिहिलं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. लॅब ज्यांची, त्या डॉक्टरीणबाई करड्या शिस्तीच्या. त्यांचं एक वाक्य आमच्याकडे रोज ऐकू यायचं: "रिपोर्ट एकमेकांशी भांडता कामा नयेत." म्हणजे हिमोग्लोबिन एक सांगतंय आणि काचेवरचा थेंब दुसरं, तर कुठेतरी चूक आहे, दोन्ही पुन्हा करा. मला वाक्य पाठ होतं. अर्थ मी माझ्या सोयीचा घेतला होता.

जवळच्या डायलिसिस सेंटरमध्ये रक्त घ्यायला मी आठवड्यातून दोनदा जायचो. तिथे खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मावशी यायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, चेहरा पांढरा पडलेला. पण जीभ शाबूत. मी सिरिंज काढली की म्हणायची, "आला चोर. डाक्टर म्हनतो रगत कमी हाय, आनि तू येऊन तेच नेतोस."

"पाच मिलीच घेतो, मावशी."

"मासलीचा वाटा लावताना मी पन असंच बोलते. गिऱ्हाईकाला ठावं असतं खरं काय ते."

तिचा धाकटा भाऊ तिला मूत्रपिंड देणार होता. रक्तगट जुळला होता, दोघांची रक्तं एकत्र करून पाहिली होती, तीही जुळणी चांगली आली होती. किडनीच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: ऑपरेशनपर्यंत तिला बाहेरचं रक्त शक्यतो द्यायचं नाही. परक्या रक्ताशी ओळख झाली की शरीर त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवतं, आणि उद्या तीच भावाच्या मूत्रपिंडावर उगारतं.

म्हणून एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं सुरू केली. औषध तेव्हा नवं होतं आणि महाग. निरोगी माणसाचं मूत्रपिंड रक्तातला प्राणवायू सतत जोखत असतं. तो कमी पडला की ते हे संप्रेरक सोडतं. ते हाडांच्या मगजात जाऊन एरवी वाटेतच मरणाऱ्या कोवळ्या पेशींना जगवतं, त्यांच्या तांबड्या पेशी होतात. प्राणवायू भरून आला की मूत्रपिंड हात आखडता घेतं. मावशीच्या शरीरात हा निरोप धाडणाराच उरला नव्हता. इंजेक्शन म्हणजे तोच निरोप, बाहेरून.

हिमोग्लोबिन साडेसहावरून पावणेआठवर गेलं आणि तिथेच अडकलं. मग हळूहळू खाली येऊ लागलं.

"लोखंडाच्या गोळ्या घेताय ना?" डॉक्टरांनी तिला विचारलं. मी पलंगाशी उभा होतो.

"सोडल्या. पोटात मलमलतं. आनि घेतल्या तरी चहावरच घ्यायची."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिला समजावलं, की पोटातून लोखंड आत जातं ते मुळातच थोडं, त्यात चहा ते अडवतो. आत गेलेलं रक्तातलं एक प्रथिन वाहून नेतं, उरलेलं यकृतात साठतं. जुन्या पेशी मोडल्या की त्यातलंही पुन्हा वापरात येतं. पण डायलिसिसच्या नळ्यांत दर वेळी थोडं रक्त राहतं आणि तेवढं लोखंड कायमचं जातं.

मावशीने विचार केला. "म्हंजे इंजेक्शन घेतलं की गिऱ्हाईक आरडायला लागतं. पर टोपलीत मासली नाय, आनि बर्फाच्या पेटीत पन नाय."

"तसंच असावं. तपासून बघू," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली: रक्तातलं लोखंड, ते वाहून नेणाऱ्या प्रथिनाची एकूण क्षमता, आणि काचेवर पेशी बघणे.

लोखंडाच्या तपासणीसाठी आमच्याकडे वेगळ्या नळ्या होत्या. काचेला चिकटलेलं लोखंड निघावं म्हणून त्या सौम्य आम्लात भिजवायच्या, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायच्या. काम माझं होतं. त्या आठवड्यात मी ते केलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये बोअरवेलचं पाणी चालू होतं, बेसिनमध्ये गंजाची तांबूस कड दिसायची. त्याच पाण्याने धुतलेल्या नेहमीच्या नळ्या मी घेतल्या. या तपासणीत रंग जितका गडद, तितकं लोखंड जास्त. रंग छान गडद आला. लोखंड एकशे अठरा, म्हणजे भरपूर.

मग मी काच मायक्रोस्कोपखाली धरली. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या पेशी संख्येने कमी असतात, पण दिसायला बहुधा नेहमीसारख्या. या पेशी लहान होत्या आणि मध्ये इतक्या फिकट, की फक्त कड उरलेली. बांगड्या मांडून ठेवाव्यात तशा. हे लोखंड संपल्याचं चित्र होतं. पुस्तकात असतं तसं स्वच्छ.

रिपोर्ट भांडत होते. पुन्हा करायचं तर आधी नळ्या भिजवाव्या लागणार, आणि बाई विचारणार की भिजवलेल्या का नव्हत्या. मी काचेच्या रकान्यात लिहिलं: पेशींचा आकार व रंग नेहमीसारखा.

बाईंनी सही करण्यापूर्वी विचारलं, "काचेवरचा स्मिअर पाहिलास?"

"पाहिला, बाई."

"भांडत नाहीत ना?"

"नाही."

भांडण मी मिटवलं होतं.

डॉक्टरांनी आमच्या कागदावर विश्वास ठेवला. लोखंड आहे म्हटल्यावर ते शिरेतून देण्याचं कारण उरलं नाही. त्यांनी इंजेक्शनचा डोस वाढवला. मगजाला हाका वाढल्या, माल तेवढाच. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन साडेपाचवर आलं, मावशीला पडल्यापडल्या धाप लागू लागली, आणि नाइलाजाने रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या.

त्यानंतर एका दुपारी, नीट धुतलेल्या नळ्या हाताशी असताना, फ्रीझरमध्ये राहिलेलं तिच्या त्याच नमुन्याचं सीरम, म्हणजे रक्तावरचं पिवळसर पाणी, मी पुन्हा लावलं. एकतीस आलं, म्हणजे लोखंड तेव्हाच संपलेलं होतं. ती नळी मी बेसिनमध्ये ओतली आणि वर बराच वेळ पाणी सोडलं.

पुढच्या नमुन्याचा रिपोर्ट मी खरा दिला. डॉक्टरांना वाटलं, वाढीव डोसने लोखंड आत्ता संपलं असेल. त्यांनी ते शिरेतून दिलं आणि दीड महिन्यात हिमोग्लोबिन साडेनऊवर गेलं. मावशी मला म्हणाली, "बग, पेटी भरली तं धंदा कसा चालतो." मी सुई लावत होतो. मान वर केली नाही.

पण ऑपरेशनच्या आधी भावाच्या रक्ताशी पुन्हा जुळणी केली, तेव्हा तिचं रक्त त्याच्या पेशींवर तुटून पडलं. दुसरा कुणी देणारा नव्हता. मूत्रपिंड बसवता आलं नाही. ती पुढे चार वर्षं डायलिसिसवर जगली.

मी ती नोकरी सोडून कल्याणला दुसऱ्या लॅबमध्ये लागलो. नळ्या तेव्हापासून स्वतः भिजवतो. हाताखालच्यांना ती माझी खोड वाटते.

तिचा भाऊ मला एकदा बाजारात मासे विकताना भेटला. त्याने ओळखलं, पापलेट निवडून दिलं आणि सहज बोलावं तसं बोलला, "माजंच रगत खोटं निघालं. बहिणीला नाय चाललं. ती जायची ती गेली, पर माजं चाललं असतं तं..." पुढे तो पाणी मारत राहिला माशांवर. मी पिशवी घेऊन निघालो.

त्याचं रक्त खोटं नव्हतं. पहिल्या जुळणीत ते चाललं होतं. ज्या दोन बाटल्यांनी बिघडवलं, त्या माझ्या एका ओळीमुळे चढल्या. हे मला त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे. तो अजून तिथेच बसतो. तेवढं माझ्याकडून त्याचं देणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.