छोटा कप कोणासाठी

रेवसच्या धक्क्यावर माझ्या चुलतभावाची चहाची टपरी आहे. ट्रेलर चालवून कंबर कामातून गेली म्हणून दादाने ही टपरी टाकली. वहिनीची अट एकच होती: टपरीवर घर चाललं तर ठीक, नाहीतर पुन्हा स्टिअरिंग. दादाची त्याला तयारी नव्हती आणि कंबरेची तर मुळीच नव्हती.

वर्षभर एकच कप होता. शंभर मिली, पंधरा रुपये. मग दादाने मोबाइलवर कुणा कोटवाल्याचा धंद्याचे धडे देणारा व्हिडिओ पाहिला आणि साठ मिलीचे कागदी कप मागवले. दर दहा रुपये. नवी पाटीही रंगवून घेतली. एका रविवारी मला बोलावलं, सल्ल्याला म्हणून. पण खरं तर शाबासकीला.

"मोठ्याला खर्च सहा, सुटतात नऊ. छोट्याला खर्च चार, सुटतात सहा," दादा म्हणाला. "लिटरात मोठे दहा बसतात, छोटे सोळा. नव्वदचे शहाण्णव झाले. दूध तेच."

"दूध कमी पडतं का तुला?"

"न्हाय."

"मग लिटराचा हिशेब कशाला? तुला माणसं कमी पडतात. लाँचमधून उतरतील आणि चढतील तेवढीच. मोठा पिणारा छोट्यावर आला की तुझे तीन गेले. अजिबात न पिणारा छोटा प्यायला की सहा आले. दोन जण छोट्यावर उतरले, तर एक नवं गिऱ्हाईक हवं. तेव्हा कुठे बरोबरी."

"तुझं डोकं कायम तोट्यात चालतं," दादा म्हणाला. मी बाकावर बसून बघत राहिलो.

नवी गिऱ्हाइकं आली, हे कबूल केलं पाहिजे. पंधरा ऐकून पाठ फिरवणारे रिक्षावाले दहाला थांबत होते. एकटा माणूस मात्र सहसा मोठाच मागत होता. एक सोन्याच्या साखळीवाले गृहस्थ सकाळी एकटेच आले, मोठा घेतला, वर "आलं जरा ठेचून घाला" म्हणाले. पुढच्या लाँचने त्यांची साडूकडची मंडळी उतरली. गृहस्थांनी सगळ्यांना हाताने टपरीकडे वळवलं, "आज चहा माझ्याकडून" असं धक्काभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जाहीर केलं आणि दादाच्या कानाशी वाकून म्हणाले, "सात छोटे."

मग माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे धक्क्यावर चहा कुणी आपापला पीत नाही. एक जण पाजतो, बाकीचे "अहो कशाला" म्हणत पितात. कप किती मोठा हे पिणारा ठरवत नाही, पाजणारा ठरवतो. स्वतःच्या घशासाठी शंभर मिली, पाहुण्याच्या घशासाठी साठ. एक माणूस छोट्यावर उतरला की मागे सात कप उतरतात. व्हिडिओतल्या कोटवाल्याला साडू नसावा.

दुपारी वहिनीने गल्ला मोजला. कप जास्त गेले होते, पैसे मागच्या रविवारपेक्षा कमी सुटले होते. दादा कंबरेला हात लावून उभा राहिला.

"छोटा बंद कर," मी म्हटलं.

"पाटीचे पैसे गेलेत. कप पोत्याने पडलेत."

"आणि रिक्षावाले पुन्हा जातील," वहिनी म्हणाली. "छोटा ऱ्हाऊ दे. फक्त आर्डर मी घेणार. तुम्ही कानात ऐकून घेता, तिथंच तोटा हाय."

संध्याकाळच्या लाँचला एक जण पाच पाहुण्यांना घेऊन आला आणि वाकून पुटपुटला. वहिनी त्याच्याकडे न बघता पाहुण्यांकडे बघून, खणखणीत आवाजात म्हणाली, "पावन्यांना छोटा देऊ, का मोठा?"

पाहुणे समुद्राकडे बघू लागले. "मोठा, मोठा. हे काय विचारणं झालं," तो माणूस म्हणाला.

तेव्हापासून तसंच चालू आहे. रिक्षावाल्यांना, खलाशांना छोटा, न विचारता. घोळका आला की जाहीर प्रश्न. गल्ला पूर्वीपेक्षा वर गेला आणि दादा ट्रेलरवर गेला नाही. आपल्याला व्हिडिओ समजला, असं तो सगळ्यांना सांगतो.

परवा माझे व्याही मुंबईहून लाँचने आले. व्याही, विहीणबाई, जावई, आणि मुलगी. माझ्यासकट पाच. व्याह्यांना साखर वर्ज्य, विहीणबाई अर्धा कप टाकून देतात, हे मला माहीत होतं. दादाच्या गल्ल्याचा प्रश्न आता सुटलेला होता. तेव्हा मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "वहिनी, पाच छोटे."

वहिनीने चहा गाळता गाळता मान वर केली.

"भावजी," ती धक्काभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्याह्यांना छोटा देऊ, का मोठा?"

पंच्याहत्तर रुपये दिले. विहीणबाईंनी अर्धा टाकला.