मामांची फटाक्यांची ट्रंक

पनवेलला रेल्वे येऊन फार दिवस झाले नव्हते. आमचे हे रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरातला कुणीही प्रवासाला निघाला की हे आधी त्याच्या सामानाची झडती घेत. स्टोव्ह, रॉकेल, स्पिरिट काही सापडलं की संपलं! माझ्या लोणच्याच्या बरणीचासुद्धा यांनी वास घेतला होता.

यांच्या भाच्याचं लग्न अकोल्याला होतं. आम्ही निघालो तेव्हा यांचे मामा एक ट्रंक घेऊन स्टेशनवर हजर. यांनी ती उचलली आणि विचारलं, "मामा, यात काय आहे?"

"कपडे."

"कपड्यांना दारूचा वास?"

झाकण उघडलं. आत भुईनळे, फटाके, बाणांच्या जुड्या.

"अरे, मग मुलाचं लग्न मुकंच लावायचं?" मामा कडाडले.

"डब्यात हे नाही चालत. मी रजेवर असलो तरी गार्डच आहे."

शेवटी पोहोचवायला आलेल्या मामांच्या जावयांनी ती ट्रंक टांग्यात घालून घरी परत नेली. दिवा स्टेशन येईपर्यंत मामा यांच्याशी बोलले नाहीत. कल्याणला अकोल्याची गाडी मिळाली, तिसऱ्या वर्गात जागाही मिळाली, पण राग होताच.

दुपारी समोरच्या बाकाखालून धूर येऊ लागला. कुणाची तरी विडी वळकटीत पडून कापूस पेटला होता. मामांनी उपरणं काढलं आणि जोरजोरात वारा घालायला लागले. धुराची ज्वाळा झाली.

"मामा, वारा नको!" हे ओरडले. "साखळी ओढा! बाकीचे पलीकडच्या टोकाला चला, वाकून, नाकावर ओला पदर धरा. सामान राहू द्या!"

मामांनी साखळी ओढली, आणि मग ती सोडेचनात. मी तांब्यातलं पाणी वळकटीवर ओतलं, आणखी दोघांनी ओतलं. गाडी थांबली. दुसऱ्या रुळाच्या बाजूला कुणी उतरू नये म्हणून हे त्या दारात आडवे उभे राहिले आणि सगळ्यांना मोकळ्या बाजूने खाली उतरवलं. मी बोचक्याकडे वळले तर मलाही दटावलं. नवऱ्याने चारचौघांत दटावलेलं एरवी मी खपवून घेतलं नसतं.

गाडीचे गार्ड आग विझवायचं यंत्र घेऊन धावत आले. त्यांनी वळकटी बाहेर काढून उसवली, आतला कापूस अजून धुमसत होता. तो भिजवून, बाक तपासूनच गाडी सोडली.

मामा बराच वेळ त्या काळवंडलेल्या फळीकडे बघत होते.

"ट्रंक मी इथंच ठेवली असती रे," ते हळूच म्हणाले. यांनी त्यांना पाणी दिलं.

अकोल्याला मांडवात मात्र मामांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "मी साखळी ओढली म्हणून गाडी वाचली!" हे शेजारी बसून जिलबी खात होते, आणि प्रत्येक वेळी मान डोलावत होते.