रेझ्युमेतून काढलेला टेस्टर

कंपनी बंद पडून चार महिने झाले होते आणि घाटकोपरच्या खोलीत माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. आई-बाबा कायमचे गावी गेले होते. दिवसभर मी रेझ्युमे उघडून बसायचे.

त्यात चारच ओळी कामाच्या होत्या. सगळ्या आमच्या औषधं मागवायच्या अ‍ॅपच्या. नव्या आवृत्तीची रिलीज दोन महिन्यांनी व्हायची, ती दर पंधरवड्याला आणली. स्टोअरवरचं रेटिंग ३.२ वरून ४.३. डाउनलोड पाच लाख. ते खरं तर जाहिरातीमुळे, पण असो. आणि चौथी ओळ माझी लाडकी: शंभरात दोनदा बंद पडणारं अ‍ॅप चारशेत एकदा बंद पडायला लागलं.

जुन्या सिनियरला फोनवर वाचून दाखवलं. तो वैतागला. "टीमसोबत, टीमसोबत काय लावलंयस गं? नोकरी तुला हवीय की टीमला?"

पटलं. सगळीकडची टीम उडवली. टीम म्हणजे तरी कोण? कोड लिहिणारी मी आणि त्यातल्या चुका शोधणारा आमचा टेस्टर.

आठवड्याभरात अंधेरीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. कोणालाच सांगितलं नाही. नाही झालं तर तोंड कुठे लपवू?

समोरच्या बाईंनी थेट चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कसं केलंत?"

मी सुटलेच. "डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, की स्वस्त फोनची मेमरी अपुरी पडायची. मग फोन मागे चालू असलेलं आमचं अ‍ॅप मारून टाकायचा. परत आलं की भरलेली माहिती गायब, अ‍ॅप क्रॅश. ऑफिसच्या भारी फोनवर दिसायचंच नाही. आम्ही आईचा जुना फोन आणला तेव्हा..."

"आम्ही? कोणाची आई?"

"टेस्टरची," मी म्हटलं. "शोधलं त्याने. माहिती जपून ठेवायचा कोड माझा."

"रेझ्युमेत तो कुठे दिसत नाही."

कान तापले. त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे टेस्टरची पण जागा आहे. काल एक रेझ्युमे आला, हाच आकडा. त्यात लिहिलंय, डेव्हलपरसोबत मिळून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणावं तर कोणाला म्हणू? त्या पुढचे प्रश्न विचारत राहिल्या, मी उत्तरं दिली, चांगली दिली. तिसऱ्या दिवशी नकाराची गोड मेल आली.

पुढच्या आठवड्यात टेस्टरचा फोन. चार महिन्यांत पहिलाच; मी तरी कुठे केला होता?

"अगं, लागली नोकरी! अंधेरीला. एकदम झकास ऑफिस आहे यार!"

"अरे वा!" मी म्हटलं. खरंच बरं वाटलं.

"ऐक ना, त्यांना डेव्हलपर पण हवाय. मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, हिच्यासारखी कोणी नाही. मॅडम नुसत्या हसल्या. तू लगेच रेझ्युमे पाठव, मी स्वतः नेऊन देतो."

मी तिथे जाऊन आलेय, हे सांगायला जीभ रेटेना. तो पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय ना?" करत राहिला.