शॉर्टहँडचं उद्यापन

डोंबिवलीचे सहदेव तावडे कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण एक खोड जबर. एखाद्या गोष्टीला पैसे मोजले की तिचा शेवट पाहिल्याशिवाय ते उठत नसत. खानावळीत डाळ आंबली असली तरी वाटी चाटूनपुसून संपवायची आणि मग घरी येऊन ओवा चावत बसायचं. नव्या चपलांनी टाचा सोलल्या तरी त्या झिजेपर्यंत वापरायच्या, कारण दुकानदार परत घेत नाही. याला ते 'घेतला वसा टाकायचा नाही' म्हणत आणि असं म्हणताना त्यांची मान ताठ होई.

एका दिवाळीत त्यांनी बायकोला, रंगूबाईंना, आणि थोरल्या मुलीला, शकूला, कल्याणच्या तंबूतल्या सिनेमाला नेलं. सिनेमा इतका रटाळ की मध्यंतरानंतर निम्मा तंबू रिकामा झाला. नायिका तिसऱ्यांदा आंधळी झाली तेव्हा रंगूबाईंचं डोकं ठणकायला लागलं. त्या म्हणाल्या, चला. सहदेवराव म्हणाले, तिकिटं काढलीत. रंगूबाई म्हणाल्या, तिकिटाचे पैसे बसलं तरी गेले नि उठलं तरी गेले, आता डोकं तेवढं शिल्लक आहे, ते तरी वाचवू. तावडे कुटुंब 'समाप्त' येईपर्यंत बसलं. गंमत अशी की पुढच्याच महिन्यात वखारीच्या शेठने त्यांना फुकटचा पास दिला, तेव्हा याहून बरा सिनेमा ते अर्ध्यावर सोडून आले. म्हणाले, कंटाळा आला. म्हणजे कंटाळा त्यांनाही येत होता. फक्त पैसे दिले की तो यायला परवानगी नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण हाच वसा त्यांनी शकूच्या गळ्यात बांधला आणि मग हसू आटलं.

शकू मॅट्रिक झाली तेव्हा चाळीत कुणाची तरी भाची फोर्टातल्या ऑफिसात स्टेनो म्हणून लागली होती. सहदेवरावांनी त्याच आठवड्यात शकूला कल्याणला फणसे मास्तरांच्या शॉर्टहँडच्या क्लासात घातलं आणि चाळभर सांगितलं. शकूला मुलांना शिकवायची हौस. अंगणात दहाबारा पोरं जमवून ती त्यांना पाढे असे शिकवी की पोरं घरी जायला तयार नसत. शॉर्टहँडशी मात्र तिचं जमलं नाही. बारीक रेघ कुठली नि जाड कुठली याचा मेळ लागेना. ती खुणा भराभर काढी, पण आपणच काढलेलं तिला वाचता येत नसे. मास्तरांनी 'आपला आज्ञाधारक' सांगितलं तर ती 'आपलं अंजीर धाडा' वाची.

दोन महिन्यांत ती म्हणाली, अण्णा, हे मला जमायचं नाही. अण्णा म्हणाले, आत्ता तर सुरुवात आहे, इतक्यात सोडायचं? वर्षाने ती परीक्षेत आपटली. अण्णा म्हणाले, वर्ष घातलंय, आता कसं सोडायचं? दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आपटली. आता तर दोन वर्षं घातली होती. पोरगी जितकी जास्त नापास होई तितकं तिचं तिथे राहणं पक्कं होत होतं. तिसऱ्या जानेवारीत त्यांनी वर्षाची फी एकदम भरून टाकली, कारण तशी भरली तर एक महिना सूट होती.

त्याच जूनमध्ये शकूला ठाण्याहून पत्र आलं. तिने आईच्या संमतीने शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी गुपचूप अर्ज केला होता आणि तिची निवड झाली होती. येत्या सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. पत्र मंगळवारी हाती पडलं, मध्ये सहाच दिवस होते.

सहदेवरावांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. क्लास पुरा झाल्यावर बघू म्हणाले. शकूने मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रंगूबाईंना तो पाण्याचा आवाज ऐकवेना.

त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "अहो, एक सांगा. शकूचं नाव क्लासात नसतं, तर आज घातलं असतं का?"

"छे. तिला जमतंय कुठे?"

"मग?"

"पण घातलंय ना," सहदेवराव म्हणाले.

रंगूबाईंनी समजावून पाहिलं. मीही माझी गोधडी अर्धवट टाकली नाही, म्हणाल्या, पण ती चार बोटं उरली होती आणि थंडी तोंडावर होती म्हणून. पुढे काही मिळणार असेल तर जरूर रेटावं. मागे किती घातलं म्हणून रेटायचं नसतं, ते काही परत येत नाही. हिला अजून दोन वर्षं बसवलंत तरी ही स्वतःचं लिहिलेलं वाचणार नाही. सहदेवरावांना ते कळत होतं, हीच खरी अडचण होती. क्लास सोडला तर दोन वर्षं फुकट गेली हे कबूल करावं लागणार होतं. चालू ठेवला तर आणखी वर्षं फुकट जायची होती. शिवाय चाळीला काय सांगायचं? वसा टाकला म्हणून लोक हसतील, म्हणाले.

रंगूबाईंनी सोळा सोमवार केले होते, मंगळागौरी पुजल्या होत्या. नवऱ्याचं कुठे अडलंय ते त्यांच्या नेमकं ध्यानात आलं.

"टाकायचा नाहीच," त्या म्हणाल्या. "व्रताचं उद्यापन असतं. तुमच्या वशाचंही करू."

शनिवारी त्यांनी पुरण घातलं. फणसे मास्तरांना सपत्नीक बोलावलं, चाळीतल्या चार सवाष्णी बसवल्या. शॉर्टहँडचं पुस्तक, तीन वह्या आणि टोक काढलेल्या पेन्सिली पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि दक्षिणेसह मास्तरांच्या ओंजळीत घातल्या. मास्तर पोळ्यांवर इतके खूश होते की त्यांनी हरकत घेतली नाही. शकूने दोन वर्षं यथासांग केली, असं रंगूबाईंनी सवाष्णींना सांगितलं. सहदेवरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पोळी मागून घेतली. शकू सोमवारी दहालाच ठाण्यात हजर होती.

पण जाता जाता मास्तर पानाला चुना लावत म्हणाले होते, फी मात्र डिसेंबरपर्यंत भरलेली आहे हं, ती काही परत मिळत नाही.

चार रात्री सहदेवरावांना झोप लागली नाही. बुधवारी वखार सुटल्यावर ते नव्या पेन्सिली घेऊन फणसे मास्तरांच्या क्लासात परकरी पोरींच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. वय वर्षं त्रेपन्न. सहा महिने ते पाठीला रग लागेस्तोवर रेघा ओढत राहिले आणि डिसेंबरात पहिल्याच परीक्षेत आपटले. फी एकदाची संपली, सुटलो असं रंगूबाईंना वाटलं.

नाताळच्या सुटीत शकू घरी आली. सरावाच्या वर्गातल्या मुलांच्या गोष्टी सांगता सांगता तिने विचारलं, "अण्णा, आता तुम्हीही मोकळे ना?"

सहदेवरावांनी खिशातून पावती काढून तिच्यापुढे ठेवली. नव्या वर्षाची पुरी फी, आगाऊ भरलेली.

"सहा महिने घातलेत मी," ते म्हणाले. "ते काय वाया घालवू?"